आठ महिने वापरून: शेड्युलिंग असिस्टंट ठीक आहे, पण कॉल कोणाच्या फोनवरून सेट करताय ते आधी बघा

वेगवेगळ्या देशांतल्या घरच्यांचा कॉल एका वेळेला ठरवायचा, ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवायची आणि आठवण करायची, एवढं या ॲपचं काम. आम्ही साताऱ्यात (आई, मी, बायको), ताई न्यू जर्सीला, धाकटा भाऊ मेलबर्नला. फ्री व्हर्जनमध्ये दोनच देश चालतात म्हणून नाइलाजाने वर्षाचे ७९९ भरले, ऑगस्ट २०२४ मध्ये. ताईने तिच्या फोनवरून दर आठवड्याचा कॉल सेट केला, तिकडे शनिवारी रात्री साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी सात आणि मेलबर्नला साडेअकरा. मस्त चाललं होतं. तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नंतर परत मागे, तसं ऑक्टोबरमध्ये मेलबर्नचं घड्याळ पुढे गेलं आणि धाकट्याचे साडेबारा झाले, तो काही बोलला नाही, म्हणून आम्हालाही कळलं नाही की यात काही गोम आहे.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारीच होती. कॉल बरोब्बर सातला लागला, धाकट्याने तिकडून ओवाळून घेतलं, आई खूश. आमचा कॉल झाल्यावर अमेरिकेतल्या त्याच रात्री तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि खरा गोंधळ पुढच्या रविवारी. आई पावणेसातपासून चहाच्या डब्याला टॅब टेकवून बसलेली. सव्वासात झाले, साडेसात झाले, कोणीच नाही. ताईला फोन लावला तर ती गाडी चालवत होती, तिने उचलला नाही, मग तर आईचा जीव खाली-वर. आठच्या ठोक्याला दोघंही हसत हसत हजर! धाकट्याकडे तोवर दुपारचा दीड, पोरगं भुकेने किंचाळतंय.

तर झालं असं की कॉल ताईच्या फोनवर बनला म्हणून तो America/New_York या टाइम झोनला, म्हणजे ताईकडच्या घड्याळाला बांधला गेला. तिची साडेनऊची वेळ जागची हलत नाही, हलतात बाकीचे. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे होतच नाही, तरी आपले सातचे आठ झाले. मेलबर्नवाल्याची तर दोनदा वाट लागली, एकदा त्याच्या घड्याळाने आणि एकदा ताईच्या. आणि असिस्टंटने "वेळ बदलली" असं एका शब्दाने कळवलं नाही, नेहमीसारखं कॉलच्या १० मिनिटं आधी आठवण पाठवली, ती पण अर्थात सात पन्नासला. अरे आईचं रविवार सकाळ सात हे डोक्यात बसलंय, ती नोटिफिकेशन बघून उठते का?

सपोर्टला लिहिलं तर चार दिवसांनी उत्तर, कॅशे क्लियर करा. परत लिहिलं तेव्हा सांगितलं की कॉल बनवणाऱ्याचाच झोन धरतात आणि तो नंतर बदलता येत नाही. म्हणजे सगळी सिरीज उडवून नव्याने करा. एवढं एक बटण नाही द्यायला ७९९ मध्ये? मी तिथेच एक स्टार देऊन मोकळा झालो होतो.

शेवटी माझ्या फोनवरून रविवारी साडेसातचा नवीन कॉल केला. झोनमध्ये भारतासाठी Asia/Kolkata दिसतं, आई म्हणाली आपण कोलकात्याला कधी गेलो, तो विषय वेगळा. आता आपले साडेसात पक्के, थंडीत ताईकडे रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा. ताई कुरकुरली, पण कोणीतरी हलायलाच लागणार, यातून ॲपची पण सुटका नाही.

इथे मात्र मत बदलावं लागलं. फेब्रुवारीत अपडेट आला आणि मार्चच्या सुरुवातीला असिस्टंटने फक्त ताईला मेसेज टाकला, की ९ मार्चला तुमचं घड्याळ पुढे जातंय, १५ तारखेपासून कॉल रात्री दहाला पडेल, चालेल का? आईला काहीच पाठवलं नाही, कारण तिच्यासाठी काही बदलतच नव्हतं. हे मला फार आवडलं. ६ एप्रिलला मेलबर्नची घड्याळं पहाटे मागे गेली आणि त्याच दिवशी आमचा कॉल, तरी धाकटा बरोबर दुपारी बाराला हजर. त्याच्या मायक्रोवेव्हवर तेव्हा एक वाजला होता म्हणे.

अजून एक खोड आहे. EST म्हणजे ताईकडची थंडीतली वेळ, पण तिला सवय, बारा महिने EST च लिहिते. मार्चअखेरीस तिने चॅटमध्ये "10 PM EST" टाकलं, असिस्टंटने ते शब्दशः थंडीतलं धरलं आणि आम्हाला साडेआठ दाखवलं, तिच्या मनात आपले साडेसात होते. IST चं पण तसंच, ते आयर्लंड आणि इस्रायललाही लागू पडतं. गावाचं नाव लिहा, न्यू यॉर्क, पुणे, मग चुकत नाही.

एकाचे तीन स्टार केलेत. चौथा स्टार झोन बदलायचं बटण आल्यावर. ऑगस्टमध्ये रिन्यूअल आहे, ७९९ तिघांत वाटून घ्यायचं ठरलंय, धाकट्याने अजून पहिल्याचे दिलेले नाहीत.