विलंबाबद्दल दिलगिरीचा ईमेल: रिकाम्या जागांचा नमुना की तात्पुरते उत्तर?

ग्राहक एका ओळीत लिहितो, "माझा माल अजून मिळालेला नाही." ऑर्डर क्रमांक दिलेला नसतो, उशीर का झाला हे गोदामाने कळवलेले नसते आणि पैसे परत करायचे की नवा माल पाठवायचा हे वरिष्ठांनी ठरवलेले नसते. अशा वेळी दोन मार्ग उरतात: क्रमांक, कारण आणि उपाय यांच्या जागा रिकाम्या सोडलेला तयार नमुना भरून पाठवणे, किंवा जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारे तात्पुरते उत्तर लगेच देणे.

ग्राहक सेवेच्या कामात मी दोन्ही वापरले आहेत. नमुन्याची भाषा तपासलेली असते आणि कोणीही बसले तरी पत्राचा सूर बदलत नाही, हे मान्य करायलाच हवे. मला मात्र त्यातली "कारण" ही रिकामी जागा खटकत राहिली. जागा दिसली की ती भरावीशी वाटते, आणि माहिती नसली की तिथे हमखास "वाहतुकीतील अडचणीमुळे" असे येते. पुढे माल मुळात बांधलाच गेला नव्हता असे निघाले, तर दुसऱ्या ईमेलमध्ये आधीचे कारण मागे घ्यावे लागते, आणि ग्राहक उशिरापेक्षा त्या विसंगतीवरच बोट ठेवतो. "लवकरात लवकर" हे शब्दही असेच जागा भरायला येतात. त्यांवरून ग्राहकाला घरी कधी थांबायचे ते कळत नाही.

तात्पुरते उत्तर मी साधारण असे लिहितो:

"आपला माल वेळेवर पोहोचला नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. विलंबाचे नेमके कारण अद्याप आम्हाला समजलेले नाही; त्याची चौकशी सुरू आहे. कृपया याच ईमेलला उत्तर देऊन ऑर्डर क्रमांक किंवा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कळवावा. उद्या दुपारी 4 पर्यंत मी आपणास पुन्हा लिहीन, तोवर कारण समजले नसले तरीही."

क्रमांक विचारणे अनेकांना कमीपणाचे वाटते. पण एकाच ईमेल पत्त्यावर दोन ऑर्डर चालू असतील, तर अंदाजाने एक निवडण्यापेक्षा विचारलेले बरे. नोंदीत एकच ऑर्डर दिसत असेल, तर विचारण्याऐवजी "आपण या ऑर्डरबद्दल लिहिले आहे असे समजतो" म्हणून तिचा उल्लेख करावा. भरपाईचा शब्द या टप्प्यावर टाळलेला चांगला, कारण मंजुरीआधी सूचित केलेली सवलतही ग्राहक वचन म्हणूनच वाचतो.

या मार्गाचा भार शेवटच्या वाक्यावर असतो. दिलेल्या वेळी लिहायला कोणी हजर नसेल, तर तात्पुरते उत्तर नमुन्याहून वाईट ठरते. म्हणून पाळी संपताना ते काम कोणाकडे जाईल हे ठरवूनच वेळ द्यावी. एकाच ज्ञात कारणाने पुष्कळ ग्राहकांचा माल अडकला असेल आणि उपायही मंजूर झाला असेल, तर मात्र मीदेखील नमुनाच उघडतो.