लेहंग्यावरील तेलाचा डाग: लॉन्ड्रीला पावडर सांगावी की सॉल्व्हंट?

ड्रायक्लीनिंगपूर्वी तेलाच्या डागावर काय करावे, हे लॉन्ड्रीला कळवताना दोन पर्याय समोर येतात: शोषक पावडर किंवा डागापुरते सॉल्व्हंट.

कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम डागावर पसरून काही तास ठेवल्यास ताजे तेल ओढले जाते. खर्च नगण्य आणि रंगाला धोका कमी. मात्र दाट जरदोजीत पावडर अडकते आणि पिवळट पडलेल्या जुन्या डागावर तिचा उपयोग जवळजवळ होत नाही.

सॉल्व्हंट मुरलेले तेलही विरघळवते, परंतु त्याने टिकल्यांचे प्लास्टिक खराब होऊ शकते आणि खडे चिकटवलेला गोंद सैल पडू शकतो. म्हणून संदेशात स्पष्ट लिहावे: “डाग तेलाचा असून पुढच्या घेरावर दोऱ्याने खूण केली आहे. आधी आतल्या शिवणीवर आणि एका टिकलीवर चाचणी घ्यावी, अस्तराकडून टिपावे, घासू नये, पाणी लावू नये आणि डाग पूर्ण निघेपर्यंत इस्त्री फिरवू नये.” यातील इस्त्रीची सूचना सर्वांत महत्त्वाची, कारण उष्णतेने तेल पक्के बसते.

डाग ताजा आणि कापड साधे असल्यास पावडर पुरते. जुन्या डागासाठी सॉल्व्हंटच सांगावे, आणि डाग चिकटवलेल्या खड्यांखाली असल्यास चाचणीचा निकाल कळल्याशिवाय संमती देऊ नये.