जुना बिलिंग कोड हलवण्याआधी: हाताने टेस्ट, पूर्ण आउटपुटची नक्कल की जुने-नवे समांतर?

समजा, मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारा एक पीएचपी प्रोग्राम तुमच्या गळ्यात पडला आहे. `bill_banav()` नावाचं सुमारे नऊशे ओळींचं एक फंक्शन, कागदपत्रं शून्य, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. दादर, मुलुंड, बोरिवलीच्या सोसायट्या दर महिन्याला त्यातून बिलं काढतात आणि कुणाची तक्रार नाही. आता ते फंक्शन फोडून नीट करायचं आहे. हात लावण्याआधी त्याचं आजचं वागणं टेस्टमध्ये पकडून ठेवायचं, म्हणजे कॅरॅक्टरायझेशन टेस्ट लिहायच्या, एवढं ठरलेलं आहे. प्रश्न कोणत्या पद्धतीने, हा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. या टेस्ट कोड बरोबर आहे की चूक, ते सांगत नाहीत. आज तो काय करतो, एवढंच सांगतात. त्यामुळे इथे अपेक्षित उत्तर उपविधींतून किंवा सेक्रेटरींकडून येत नाही, ते खुद्द कोडकडूनच घ्यायचं असतं.

हाताने लिहिलेल्या टेस्ट

थकबाकीवरच्या व्याजाचं उदाहरण घेऊ. आदर्श उपविधींनी सोसायट्यांना वर्षाला कमाल २१ टक्के सरळव्याजाची मुभा दिली होती आणि तोच आकडा कोडमध्ये बसलेला आहे. नऊशे ओळींतला तो तुकडा वेगळा काढला, तर साधारण असा दिसतो:

```php
function vyaj($baki, $divas) {
    if ($divas <= 15) return 0;
    return round($baki * 0.21 / 365 * $divas);
}
```

पद्धत अशी: अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि टेस्ट चालवायची.

```php
$this->assertEquals(0, vyaj(10000, 30));
```

पीएचपीयुनिट सांगतं: `Failed asserting that 173.0 matches expected 0.` आता शून्याच्या जागी १७३ लिहायचं, टेस्ट हिरवी होते. वेळखाऊ काम वाटतं, पण खरी माहिती पुढच्या आकड्यांत दडलेली असते. १५ दिवसांना शून्य आणि १६ दिवसांना थेट ९२ रुपये. म्हणजे सवलतीचे पंधरा दिवस ओलांडले की व्याज सोळाव्या दिवसाचं नाही, पहिल्या दिवसापासूनचं लागतं. हा सोसायटीचा ठराव आहे की प्रोग्रामरचा निष्काळजीपणा, हे कोड सांगत नाही. आता बाकी उणे द्या, म्हणजे ज्या सभासदाने दहा हजार आगाऊ भरले आहेत तो. तीस दिवसांना उत्तर येतं उणे १७३. आगाऊ भरणाऱ्याला प्रोग्राम गुपचूप २१ टक्क्यांनी व्याज देतो आहे!

मोह होतो की हे लगेच दुरुस्त करावं. करू नका. उणे १७३ सुद्धा तसंच पकडून ठेवा, टेस्टच्या नावातच लिहा की हे संशयास्पद आहे, आणि सोसायटीच्या अकाउंटंटना विचारा. मागच्या वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद याच आकड्यांवर उभे आहेत. वागणं बदलणारी दुरुस्ती आणि रचना बदलणारं रिफॅक्टरिंग एकाच कमिटमध्ये गेलं, की पुढे फरक दिसल्यावर तो कशामुळे आला ते कुणालाच सांगता येत नाही.

हाताच्या टेस्टचा मोठा गुण असा की लाल झाल्यावर त्या वाचता येतात. "१५व्या दिवशी शून्य अपेक्षित होतं, ८६ आले" हे वाक्य वाचून पुढे काय करायचं ते नव्या माणसालाही कळतं. अडचण मात्र आधीच येते. वर मी `vyaj()` सुटं करून दाखवलं, खऱ्या फायलीत ते तसं नसतं. डेटाबेस वाचायचा, थकबाकी काढायची, व्याज लावायचं, पावती क्रमांक वाढवायचा, छापायचं, असं सगळं एका दमात चालतं. व्याजाला टेस्ट लावायची तर ते बाहेर काढावं लागेल, आणि बाहेर काढणं हेच रिफॅक्टरिंग, तेही टेस्टविना. हा पेच दुसरी पद्धत सोडवते.

पूर्ण आउटपुटची नक्कल

इथे आत काय चाललं आहे त्यात शिरायचंच नाही. एका महिन्याची सगळी बिलं काढायची, तो मजकूर `pakke.txt` म्हणून ठेवायचा, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा काढून फरक पाहायचा. `faketime` सोडलं तर खास साधनही लागत नाही:

```
faketime '2024-04-01 10:00:00' php bill_chalav.php 2024-03 > aatta.txt
diff -u pakke.txt aatta.txt
```

एका दुपारी शेकडो सभासदांची बिलं पकडली जातात, आणि `bill_banav()` मधली एकही ओळ हलवावी लागत नाही. म्हणून सुरुवात इथून, असं माझं मत.

पण ही नक्कल स्थिर करणं हेच खरं काम आहे. कोडला हात लावण्याआधी जुनाच कोड दोनदा चालवा. फरक शून्य आला पाहिजे. पहिल्यांदा बहुधा येत नाही. पावती क्रमांक पुढे सरकलेला असतो, म्हणून प्रत्येक वेळी डेटाबेसची तीच प्रत नव्याने चढवायची. SQL मध्ये `ORDER BY` नसेल तर सभासदांचा क्रम बदलू शकतो. तो बदलताना दिसला, तर तुलनेआधी बिलं फ्लॅट क्रमांकाने लावून घ्यायची. आउटपुट पीडीएफ असेल तर पीडीएफ जुळवत बसू नका. फाइल बनवल्याची वेळ तिच्यात असते, त्यामुळे ती दर वेळी वेगळीच निघते. पीडीएफ बनण्याच्या आधीचा मजकूर पकडा.

सगळ्यात फसवी गोष्ट तारीख. व्याजाचे दिवस "आज"पासून मोजले जात असतील, तर आज दोनदा चालवून फरक शून्य येईल आणि उद्या सगळं लाल होईल, कारण दहा हजारांवर एका दिवसाचं व्याज पावणेसहा रुपये होतं. वरचं `faketime` प्रोग्रामला दर वेळी तीच ठरलेली तारीख दाखवतं, ते त्यासाठीच आहे. त्याच्याच जोडीला टाइमझोन तपासा. `date.timezone` ठरवलेला नसेल तर पीएचपी यूटीसी धरतं. अशा सर्व्हरवर मुंबईत रात्री एक वाजता बिलं काढली, तर प्रोग्रामच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. ज्यांना सोळावा दिवस लागायला हवा त्यांना पंधरावा लागतो, आणि ९२ रुपयांच्या जागी शून्य. तुमच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसणार नाही, म्हणून नक्कल घेताना सर्व्हरचीच सेटिंग वापरा.

आता मर्यादा. नक्कल भरघोस दिसते, पण जे डेटात नाही ते ती पकडत नाही. एका सोसायटीत सगळ्यांची शेवटची तारीख एकच आणि बिलं निघतात एकाच दिवशी. म्हणजे तीनशे बिलं असली तरी दिवसांचे आकडे मोजून दोन-तीनच. हे पडताळायची सोपी युक्ती आहे: कोड मुद्दाम बिघडवा. `<= 15` चं `< 15` करा आणि नक्कल चालवा. हिरवीच राहिली तर ती सीमा पकडलेलीच नाही. `0.21` चं `0.22` केलंत तर मात्र ढीगभर फरक दिसेल. पीएचपीसाठी `Infection` हे साधन असे बिघाड आपोआप करून पाहतं, पण त्याला हिरव्या पीएचपीयुनिट टेस्ट लागतात. सुरुवातीला पाच-सात बिघाड हाताने केले तरी पुरतं. नुसत्या कव्हरेजच्या टक्क्यावर विसंबू नका. ती ओळ चालली, एवढंच त्यातून कळतं.

दुसरी मर्यादा माणसांची. कुणी राउंडिंग करण्याची जागा बदलली आणि एकशेचाळीस बिलांत एकेक रुपयाचा फरक आला, तर तो डिफ कोण वाचणार? शुक्रवारी संध्याकाळी नवी फाइल जुन्यावर टाकून मोकळं होणं फार सोपं असतं. तसं एकदा झालं, की नक्कल पुढे नव्या चुकीचीच राखण करते. `pakke.txt` बदलणाऱ्या कमिटला वेगळा रिव्ह्यू हवाच.

सभासदांची नावं आणि फोन नंबर फायलीत जाण्याआधी बदलून टाका. फ्लॅट क्रमांक आणि रकमा पुरेशा आहेत.

जुने-नवे समांतर

तिसरी वाट म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टीममध्ये दोन्ही कोड एकाच इनपुटवर चालवायचे, ग्राहकाला जुन्याचंच उत्तर द्यायचं आणि फरक नोंदवायचा. गिटहबची `Scientist` ही रूबी लायब्ररी याच कामाची. दिवसाला लाखो विनंत्या येत असतील तर ही पद्धत अफलातून आहे, कारण तुम्हाला न सुचलेली इनपुटं लोकच आणून देतात.

सोसायटी बिलिंगला मात्र ती नीट बसत नाही. एक तर ती रिफॅक्टरआधीची पकड नव्हेच, नवा कोड तयार असावा लागतो. दुसरं, बिलं महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा निघतात. वर्षअखेरीचा हिशेब पाहायचा तर पुढच्या मार्चपर्यंत थांबा. आणि दोन्ही कोड पावती क्रमांक वाढवत असतील किंवा एसएमएस पाठवत असतील, तर सभासदाला एकाच बिलाचे दोन मेसेज जातील. ते दुष्परिणाम आधी वेगळे काढावे लागतात, आणि तेच तर अजून व्हायचं आहे.

मग काय घ्यावं

वरच्यासारखा कोड असेल तर आधी नक्कल, एका मोठ्या आणि एका छोट्या सोसायटीची, मार्च आणि दुसरा एखादा साधा महिना धरून. तिच्या आधारावर व्याजाचा तुकडा आयडीईच्या एक्स्ट्रॅक्ट कमांडने बाहेर काढा, हाताने कापून चिकटवू नका. तो सुटा झाला की लगेच त्याला हाताच्या टेस्ट लावा: ०, १५, १६, ३० दिवस, शून्य बाकी, उणे बाकी. मग पुढचा तुकडा. ज्या कोडमध्ये हिशेबाची फंक्शनं आधीच सुटी आहेत, तिथे नक्कल सोडून थेट हाताच्या टेस्ट लिहिल्या तरी चालेल. वेळ तितकाच लागतो आणि वाचायला सोपं पडतं.

नक्कल कायमची ठेवायची नसते. मुद्दाम केलेला प्रत्येक बिघाड हाताच्या टेस्टमध्येही लाल दिसू लागला आणि नव्या कोडने एक तिमाही बिलं बिनबोभाट काढली, की `pakke.txt` काढून टाका. नाहीतर सोसायटीने पाण्याचा दर बदलल्यावर तीनशे बिलं लाल होतील, आणि न वाचता फाइल बदलायची सवय तिथूनच लागेल.