अंतर्गत भरती: आधी परवानगी, की नंतर कळवणं?

आयजेपीची, म्हणजे कंपनीतल्याच लोकांमधून भरायच्या जागेची, नोटीस काढायची म्हटली की पात्रतेच्या अटी एका बैठकीत ठरतात. घोळ होतो तो पुढच्या प्रश्नावर. अर्ज करण्याआधी मॅनेजरची मंजुरी घ्यायची, की शॉर्टलिस्ट झाल्यावर त्यांना कळवायचं? चाकणच्या एका कारखान्यात एचआरला असताना मी पहिली पद्धत तीन वर्षं राबवली. आता दुसरी राबवतोय.

मंजुरीच्या पद्धतीत मॅनेजरला सगळं आधी कळतं, कामाची सोय लावता येते. चार माणसांच्या टूलरूमला ती अजूनही सोयीची वाटेल. पण मला तिथे खटकलं ते साहेबांचं गप्प राहणं. क्वालिटीतल्या एका मुलीनं सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज भरला. मुदत सात कामाच्या दिवसांची. अर्ज पहिल्याच दिवशी साहेबांकडे गेला. ते नाही म्हणाले नाहीत, ‘बघतो’ म्हणाले. आठव्या दिवशी सिस्टिमनं अर्ज आपोआप बंद केला. नकारच नसल्यामुळे तिला दाद मागायलाही काही हातात नव्हतं. दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. साहेबांचं माणूस गेलं ते गेलंच, वर कंपनीचंही गेलं.

दुसऱ्या पद्धतीत अर्ज थेट एचआरकडे येतो. आम्ही फक्त अटी तपासतो: सध्याच्या पदावर १८ महिने, चालू शिस्तभंगाची कारवाई नाही, एका वेळी एकच अर्ज. हे १८ महिने कोणत्या तारखेला मोजायचे ते नोटिशीत लिहाच. १२ जानेवारीला पदावर आलेल्या माणसाचे १८ महिने पुढच्या वर्षी ११ जुलैला भरतात. नोटीस ५ जुलैची आणि शेवटची तारीख १४ जुलै असेल, तर एका हिशेबानं तो बाद, दुसऱ्यानं पात्र. आम्ही शेवटची तारीख धरतो. प्रसूती रजाही या १८ महिन्यांत मोजतो.

शॉर्टलिस्ट झाली की मुलाखतीच्या आधी मॅनेजरला मेल जातो. अडवण्याचा अधिकार त्यांना नाही, पण सोडण्याची तारीख ते सांगू शकतात. निवडीच्या पत्रापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. त्या दिवसापर्यंत त्यांनी काहीच कळवलं नाही, तर बदली आपोआप लागू होते. गप्प राहण्याचा तोटा आता अर्जदाराला होत नाही, माझ्या दृष्टीनं हाच मोठा फरक.

अडचणी इथेही आहेत. एकाच टीममधले दोघं निवडले गेले तर ४५ दिवस पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्याला आम्ही महिनाभर उशिरा सोडतो. आणि मेल शॉर्टलिस्टच्याच दिवशी गेला पाहिजे. एकदा माझ्याकडून दोन दिवस उशीर झाला, आणि एका साहेबांना आपल्या माणसाची मुलाखत कॅन्टीनमध्ये दुसऱ्याच कुणाकडून कळली. त्यांची समजूत काढायला मला दोनदा त्यांच्या केबिनमध्ये जावं लागलं. तेव्हापासून मॅनेजरला मेल गेल्याशिवाय मी उमेदवाराला मुलाखतीची वेळ कळवत नाही.