स्मरणपत्र: ‘नेमके तीन दिवस’ की ‘पाठवले’ रकाना?

फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या गूगल शीटमधून पुस्तक परतीची आठवण देणारी स्क्रिप्ट रोज सकाळी चालते. आधी `left === 3`, म्हणजे परतीला नेमके तीन दिवस उरले असतील तरच पत्र पाठवायचे, अशी अट होती. ती सुटसुटीत खरी, पण १४ तारखेच्या पुस्तकांसाठी ११ तारखेला चाललेली स्क्रिप्ट एखाद्या चुकीच्या ईमेल पत्त्यावर अडकून थांबली, की त्याखालच्या ओळींतील वाचकांना ते पत्र पुन्हा कधीच जात नसे.

दुसरी पद्धत अशी:

```
if (left >= 0 && left <= 3 && !sent)
```

यात पत्र जाताच त्याच ओळीतील ‘पाठवले’ रकान्यात तारीख पडते; पत्ता दुरुस्त केल्यावर राहिलेली पत्रे १२ तारखेला जातात आणि दुबार जात नाहीत. मात्र मुदत वाढवून दिली की हा रकाना हाताने रिकामा करावा लागतो, आणि ते हमखास विसरले जाते. तरीही मी हीच पद्धत ठेवली आहे, कारण विसरलेला रकाना शीटवर दिसतो. न गेलेले पत्र दिसत नाही.