स्पिनर, मेकॅनिक्स की मल्लखांब? चंचल आठ वर्षांच्या मुलासाठी काय घ्यावं

तुळशीबागेत किंवा अप्पा बळवंत चौकात ‘एकाग्रता वाढवणारं’ काही मागितलं की बहुतेकदा तीनपैकी एक हातात पडतं: फिरता स्पिनर, जिगसॉ, नाहीतर नटबोल्टचा मेकॅनिक्स संच. एडीएचडी असलेल्या तिसरीतल्या मुलासाठी निवडताना मी आधी विचारेन, हे नेमकं कोणत्या वेळेसाठी हवंय?

स्पिनर मी घेणार नाही. तो फिरताना दिसतो, म्हणून नजर त्याच्यावरच खिळते आणि फळा सुटतो. बोटांना चाळाच हवा असेल तर मऊ स्पंजचा चेंडू बरा, कारण तो न बघता दाबता येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. गोष्ट वाचून दाखवा. हात चेंडूवर आणि कान तुमच्याकडे असतील तर ठेवा, मूल चेंडू उडवायला लागलं तर काढून घ्या. हा ऐकतानाचा आधार आहे. त्याने लक्ष देण्याची सवय लागत नाही.

सवयीसाठी मेकॅनिक्स जिगसॉपेक्षा उजवा वाटतो. पाचशे तुकड्यांचं चित्र पूर्ण होईपर्यंत हाती काहीच लागत नाही, इथे मात्र दोन पट्ट्या जोडल्या की लगेच काहीतरी हलतं. फक्त अख्खा डबा समोर ओतू नका, नटबोल्ट सोफ्याखाली जातात आणि मूल वैतागून उठतं. एका ताटलीत एकाच पायरीचे तुकडे काढा, म्हणजे चार पट्ट्या, चार नट, चार बोल्ट आणि पाना. दिसेल असं वाळूचं घड्याळ ठेवून दहा मिनिटं बसवा आणि कंटाळा यायच्या आत थांबवा. अर्धी गाडी तशीच राहू दे, दुसऱ्या दिवशी बसायला तेच निमित्त होतं.

पण शाळेतून आल्या आल्या हेही जमत नाही. दिवसभर बाकावर दाबून ठेवलेलं शरीर आधी मोकळं व्हायला हवं. वीसेक मिनिटांच्या दमदार हालचालीनंतर काही काळ लक्ष बरं टिकतं, असं अभ्यासांत दिसलंय. सायकल, पोहणं काहीही चालेल, पण पुण्यात पेठांमधल्या आखाड्यांत मल्लखांब शिकायला मिळतो आणि माझा कल तिकडे आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर पायांची पकड ढिली झाली की मूल खाली सरकतं. लक्ष गेलं हे त्याला स्वतःलाच कळतं, कुणी ओरडावं लागत नाही. अडचण रांगेची आहे. एका खांबाला वीस मुलं असतील तर आपलं मूल पाळी येईपर्यंत धिंगाणा घालेल, म्हणून प्रवेशाआधी एक तास नुसता बसून बघा.

म्हणजे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर आखाडा, दोन असतील तर घरी परतल्यावर मेकॅनिक्सची ताटली आणि मग गृहपाठ. औषध किंवा वर्तनोपचार चालू असतील तर यातल्या कशासाठीही ते बंद करू नका, बदल डॉक्टरांशी बोलूनच करा. महिन्याभराने वर्गशिक्षिकांना एवढंच विचारा: फळ्यावरचं उतरवून घेणं पूर्ण होतंय का?