एकाच ‘भरपाई’त ६,७२० दिरहम बुडाले

शारजात एसी दुरुस्तीचे काम करणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कामगाराला ३० सप्टेंबर २०२५ रोजी ऑफिसात बोलावून दोन कागद दिले गेले. एक अरबी, कंपनीच्या शिक्क्याचा. दुसरा त्याचा हिंदी अनुवाद, साध्या कागदावर, ना शिक्का ना अनुवादकाचे नाव. अनुवादात लिहिले होते की नोटीस आणि सेवासमाप्तीची भरपाई मिळून ९,००० दिरहम दिले जात आहेत, यापुढे काही येणे नाही. साडेसहा वर्षांच्या नोकरीचे नऊ हजार त्याला बरे वाटले. त्याने अरबी कागदावर सही केली आणि आठवड्याभरात गावी परतला.

फसवणूक रकमेच्या आकड्यात नव्हती, ‘भरपाई’ या शब्दात होती. अमिरातीच्या कामगार कायद्यात नोकरी संपताना मिळू शकणाऱ्या तीन वेगळ्या रकमा आहेत आणि अरबीत तिन्हींना वेगळी नावे आहेत. हिंदीत किंवा मराठीत उतरवताना तिन्हींची ‘भरपाई’ झाली, की दोन रकमा एकीत जिरतात आणि कामगाराला पत्ता लागत नाही.

पहिली रक्कम ‘मुकाफअत निहायत अल-खिदमा’, म्हणजे आपण जिला ग्रॅच्युइटी म्हणतो ती. ती झालेल्या सेवेबद्दल मिळते. दुसरी ‘बदल इंझार’, म्हणजे नोटीस न देता काढले तर त्या नोटिशीच्या काळाचा पगार. तिसरा शब्द ‘तअवीद’. हीच खरी नुकसानभरपाई, पण ती सगळ्यांना नसते. मनुष्यबळ मंत्रालयाकडे गंभीर तक्रार केली किंवा कंपनीवर दावा लावून तो खरा ठरला म्हणून सूड घेत काढले असेल तर न्यायालय ती ठरवते, आणि तिची मर्यादा तीन महिन्यांचा पगार. ती मिळाली तरी पहिल्या दोन रकमा कमी होत नाहीत. या कामगाराच्या बाबतीत तिसरीचा प्रश्नच नव्हता, पहिल्या दोन मात्र हक्काच्या होत्या.

हिशेब करून बघू. त्याचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, १,८०० दिरहम. घरभाडे आणि प्रवासभत्ता धरून एकूण ३,०००. नोकरी १ एप्रिल २०१९ पासून. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे बेसिक, त्यापुढच्या दरवर्षी ३० दिवसांचे. एका दिवसाचे बेसिक ६० दिरहम. म्हणून पहिल्या पाच वर्षांचे ६,३०० आणि पुढच्या दीड वर्षाचे २,७००. एकूण बरोबर ९,०००.

म्हणजे कंपनीने दिलेली सगळी रक्कम ग्रॅच्युइटीतच संपली. नोटिशीपोटी एक दिरहमही मिळाला नव्हता. त्याच्या करारात नोटीस ६० दिवसांची होती (कायद्याने ती ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान असते). त्याला त्याच दिवशी काढल्यामुळे दोन महिन्यांचा पगार देणे लागत होते, आणि ‘बदल इंझार’ बेसिकवर नाही, पूर्ण पगारावर धरतात. म्हणजे ६,०००. शिवाय १२ दिवसांची शिल्लक रजा. ती बेसिकवर मोजतात, म्हणून ७२०. सगळे मिळून १५,७२० व्हायला हवे होते.

कोणती रक्कम बेसिकवर आणि कोणती पूर्ण पगारावर, हा गोंधळ अनुवादात सहज होतो. अरबीत ‘अल-अजर अल-असासी’ म्हणजे बेसिक, आणि नुसते ‘अल-अजर’ म्हणजे भत्त्यांसकट पगार. अनुवादात दोन्ही ठिकाणी ‘वेतन’ लिहिले की नोटिशीचे सहा हजार सहज ३,६०० होतात आणि आकडा खोटा आहे असे कोणाला वाटतही नाही.

यापेक्षा घातक वाक्य अरबी कागदाच्या मध्यभागी होते, आणि अनुवादात ते नव्हतेच. कामगाराने स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडली आणि नोटिशीचा काळ सोडून दिला, असे त्यात होते. ‘इस्तिकाला’ म्हणजे राजीनामा. आजच्या कायद्यात राजीनाम्याने ग्रॅच्युइटी कमी होत नाही, त्यामुळे बरेचजण या शब्दाकडे दुर्लक्ष करतात. पण नोटीस न देता कामगार स्वतः गेला, तर तेच ‘बदल इंझार’ त्याने कंपनीला द्यायचे असते. म्हणजे या एका वाक्याने सहा हजारांचे येणे मिटले, आणि कंपनीच्या मनात आले असते तर तेच सहा हजार ग्रॅच्युइटीतून कापायला आधार मिळाला असता. अरबी आणि दुसऱ्या भाषेतल्या मजकुरात फरक असेल तर अरबी ग्राह्य धरतात, हेही इथेच आडवे येते.

आपल्या लोकांना आणखी एका ठिकाणी गंडवतात. भारतात ग्रॅच्युइटी म्हटले की पाच वर्षे हे डोक्यात पक्के असते. चार वर्षे झालेल्याला ‘पाच पूर्ण नाहीत, काही मिळणार नाही’ असे सांगितले तर त्याला ते पटते. अमिरातीत सलग एक वर्ष पूर्ण झाले की हक्क सुरू होतो आणि वरच्या महिन्यांचेही प्रमाणात पैसे मिळतात. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस मात्र सेवेत धरत नाहीत.

पत्र हातात आले की आधी तारखा बघा. पत्राची तारीख आणि नोकरीचा शेवटचा दिवस यांत नोटिशीइतके अंतर असेल तर नोटीस खरीच दिली आहे. त्या काळात पूर्ण पगार चालू राहतो, सेवा मोजली जाते, आणि कंपनीने काढले असेल तर काम शोधायला आठवड्याला एक बिनपगारी दिवस मागता येतो. दोन्ही तारखा एकच असतील तर ‘बदल इंझार’ची वेगळी ओळ आणि वेगळा आकडा असलाच पाहिजे. तो नसेल तर सही करू नका, कागदाचा फोटो घ्या. अनुवाद करायचा तर न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या अनुवादकाकडून शिक्क्यासह करून घ्या. ‘मुखालसा’ असे शीर्षक असलेला कागद म्हणजे सर्व देणी मिळाल्याची पावती. खात्यात पैसे जमा होण्याआधी तिच्यावर सही झाली, तर मिळाले नाहीत हे सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर येते. वर्क परमिट रद्द करतानाही असेच वाक्य पुढे येऊ शकते, ते वाचून घ्या. कंपनीला सगळे पैसे नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात, तेव्हा ‘आजच सही कर’ या घाईला कायद्यात आधार नाही.

सही झाली असली तरी दार लगेच बंद होत नाही. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. सल्ल्यासाठी ८००८४ हा क्रमांक आहे. दावा ५०,००० दिरहमपर्यंतचा असेल तर मंत्रालयच निर्णय देऊ शकते. भारतीयांसाठी दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा क्रमांक ८००४६३४२ आहे. घरकामगार, तसेच दुबईतल्या डीआयएफसी आणि अबू धाबीतल्या एडीजीएम या वित्तीय मुक्त क्षेत्रांतले कर्मचारी यांचे कायदे वेगळे आहेत; वरचा हिशेब त्यांना लावू नका.

या कामगाराच्या हातात दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, मंत्रालयात नोंदवलेला करार, ज्यात ६० दिवस स्पष्ट लिहिले होते. दुसरी, सुपरवायझरचा २९ तारखेचा व्हॉट्सअॅप संदेश: ‘उद्या साइटवर जाऊ नकोस, ऑफिसात ये, तुझे काम बंद झाले.’ राजीनामा देणाऱ्याला असा संदेश येत नाही. त्याने तो फोन बदलताना पुसला नव्हता, आणि तक्रारीला पहिला तोच जोडला.